छापा ५,०६७ वेळा: झेड चाचणीच्या दोन वाटा आणि एकच निकाल

दहा हजार वेळा उडवलेले नाणे ५,०६७ वेळा छाप्यावर पडले, तर ते समतोल मानायचे की एका बाजूला झुकलेले? संख्याशास्त्रातली झेड चाचणी या प्रश्नाचे उत्तर दोन वाटांनी देते. पहिल्या वाटेने आधी एक सीमारेषा आखली जाते आणि निरीक्षण तिच्या अलीकडे पडले की पलीकडे एवढेच पाहिले जाते. ही रेषा म्हणजे क्रांतिक मूल्य. दुसऱ्या वाटेने निरीक्षणावरून एक संभाव्यता काढली जाते आणि ती ठरावीक मर्यादेपेक्षा लहान आहे का हे तपासले जाते. ही संभाव्यता म्हणजे पी-मूल्य. पाठ्यपुस्तकांत दोन्ही पद्धती वेगवेगळ्या प्रकरणांत येत असल्यामुळे त्या दोन स्वतंत्र चाचण्या आहेत असा अनेक विद्यार्थ्यांचा समज होतो. प्रत्यक्षात चाचणी एकच असते, फक्त मोजमाप दोन परिमाणांत होते.

वरचे आकडे खरे आहेत. जॉन केरिच हे जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात शिकवणारे गणितज्ञ. एप्रिल १९४० मध्ये ते कोपनहेगनला सासुरवाडीला गेले असताना जर्मन सैन्याने डेन्मार्क ताब्यात घेतले. ब्रिटिश प्रजाजन म्हणून केरिच यांना जटलंडमधल्या हाल्ड येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. तिथल्या सक्तीच्या रिकामपणात त्यांनी एका सोबत्याच्या मदतीने नाणे दहा हजार वेळा उडवले आणि प्रत्येक निकालाची नोंद ठेवली. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, हे प्रयोग पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. छाप्यांची एकूण संख्या होती ५,०६७. कोणत्याही शून्य परिकल्पनेची चाचणी समजून घेण्यासाठी इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळते, कारण इथे कशाचाही अंदाज बांधावा लागत नाही.

शून्य परिकल्पना अशी: नाणे समतोल आहे, म्हणजे प्रत्येक फेकीत छापा पडण्याची संभाव्यता ०.५ आहे. पर्यायी परिकल्पना अशी: ती ०.५ नाही. नाणे छाप्याकडे झुकलेले असू शकते, तसेच काट्याकडेही, म्हणून ही चाचणी दुहेरी, दोन्ही टोकांची. निकाल पाहण्याआधी सार्थकतेची पातळी ठरवावी लागते. तिला अल्फा म्हणतात. ती ५ टक्के धरली, तर त्याचा अर्थ असा की नाणे खरोखर समतोल असतानाही त्याला चुकून दोषी ठरवण्याचा धोका शंभरात पाचपर्यंत पत्करण्याची तयारी आहे.

आता समतोल नाण्याकडून काय अपेक्षा करायची ते पाहू. दहा हजार फेकींत सरासरी ५,००० छापे यावेत. पण हा आकडा नेमका क्वचितच येतो, आजूबाजूला हेलकावे असतातच. त्या हेलकाव्यांचे माप म्हणजे प्रमाण विचलन. फेकींची संख्या, छाप्याची संभाव्यता आणि काट्याची संभाव्यता यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घेतले की ते मिळते. १०,००० × ०.५ × ०.५ म्हणजे २,५००, आणि त्याचे वर्गमूळ ५०. हे ५० मिळवायला केरिच यांच्या नोंदींकडे पाहावेच लागले नाही, ते शून्य परिकल्पनेतूनच आले. प्रमाण विचलन असे आधीच माहीत असते तेव्हाच झेड चाचणी तिच्या खऱ्या जागी असते.

केरिच यांचे छापे अपेक्षेपेक्षा ६७ ने जास्त. या फरकाला ५० ने भागले की झेड मिळतो:

झेड = (५,०६७ − ५,०००) ÷ ५० = १.३४

म्हणजे निरीक्षण अपेक्षेपासून १.३४ प्रमाण विचलने दूर आहे. इथपर्यंत दोन्ही वाटा एकच आहेत. पुढे त्या फुटतात.

पहिली वाट. फेकींची संख्या मोठी असल्यामुळे, शून्य परिकल्पना खरी असताना झेडच्या किमती घंटेच्या आकाराच्या प्रमाण प्रसामान्य वक्रानुसार विखुरतात. या वक्राखालचे एकूण क्षेत्रफळ १ असते. अल्फा ०.०५ आहे आणि चाचणी दोन्ही टोकांची, म्हणून उजव्या टोकाला ०.०२५ आणि डाव्या टोकाला ०.०२५ एवढे क्षेत्रफळ कापून काढायचे. कोष्टक सांगते की उजवीकडची रेषा १.९६ वर आणि डावीकडची उणे १.९६ वर पडते. या दोन रेषांच्या बाहेरचा भाग म्हणजे क्रांतिक क्षेत्र. झेड त्यात पडला तर शून्य परिकल्पना नाकारायची. १.३४ हा आकडा दोन्ही रेषांच्या आत आहे. निकाल: शून्य परिकल्पना नाकारता येत नाही.

दुसरी वाट. इथे विचारायचे असे: नाणे समतोल असेल, तर अपेक्षेपासून इतका किंवा याहून जास्त फरक पडण्याची संभाव्यता किती? कोष्टकात १.३४ च्या डावीकडचे क्षेत्रफळ ०.९०९९ दिलेले असते, म्हणजे उजवीकडे उरते ०.०९०१. काट्याच्या बाजूलाही तेवढाच फरक तितकाच नवलाचा ठरला असता, म्हणून दुप्पट करायची: ०.१८०२. हे पी-मूल्य. समतोल नाण्याने असे दहा हजार फेकींचे शंभर प्रयोग केले, तर सुमारे अठरा प्रयोगांत ६७ किंवा त्याहून अधिक फरक दिसेल. ०.१८०२ हे ०.०५ पेक्षा मोठे आहे. निकाल: शून्य परिकल्पना नाकारता येत नाही.

दोन्हींचा निकाल एकच आला. यात योगायोग मुळीच नाही, आणि त्याचे कारण गुणवत्ता यादीत प्रवेश घेतलेल्या कोणालाही ओळखीचे आहे. एका महाविद्यालयात १२० जागा आहेत, प्रवेश गुणांनुसार आहेत आणि कोणत्याही दोघांना अगदी सारखे गुण नाहीत असे धरू. यादीतल्या १२० व्या विद्यार्थ्याला ९१.४ टक्के गुण असतील, तर कट-ऑफ ९१.४ लागला असे म्हटले जाते. आता एखाद्या मुलीला प्रवेश मिळेल का हे दोन प्रकारे तपासता येते. तिचे गुण ९१.४ किंवा जास्त आहेत का? किंवा तिचा गुणवत्ता क्रमांक १२० किंवा त्याच्या आत आहे का? या दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी येऊच शकत नाहीत, कारण गुण वाढले की क्रमांक घटतो, आणि कट-ऑफ हा १२० व्या क्रमांकाच्याच विद्यार्थ्याचा गुण असतो. क्रमांक दिला तर गुण सापडतात, गुण दिले तर क्रमांक.

झेड चाचणीत सार्थकतेची पातळी म्हणजे जागांची संख्या, क्रांतिक मूल्य म्हणजे कट-ऑफ, निरीक्षणाचा झेड म्हणजे मुलीचे गुण आणि पी-मूल्य म्हणजे तिचा क्रमांक. जागांवरून कट-ऑफ ठरतो, गुणांवरून क्रमांक. पहिली वाट गुणांची गुणांशी तुलना करते, दुसरी क्रमांकाची जागांशी.

हीच गोष्ट वक्रावर अशी दिसते. आडव्या अक्षावर एक बिंदू घ्यावा आणि त्याच्या उजवीकडे वक्राखाली उरणारे क्षेत्रफळ पाहावे. बिंदू उजवीकडे सरकवला की हे शेपटीचे क्षेत्रफळ घटते. वक्र कुठेही शून्यावर टेकत नसल्यामुळे ते प्रत्येक पावलावर घटतेच, मध्ये कुठे थांबत नाही की उलट वाढत नाही. सगळा युक्तिवाद या एका गुणधर्मावर उभा आहे. दोन्ही टोकांच्या चाचणीत झेडचे चिन्ह सोडून फक्त अंतर घ्यायचे आणि शेपटी दुप्पट करायची. क्रांतिक मूल्य १.९६ अशासाठी निवडले की तिथली दुप्पट शेपटी बरोबर ०.०५ भरते. मग झेडचे अंतर १.९६ पेक्षा जास्त असेल तर त्याची शेपटी ०.०५ पेक्षा लहानच असणार, आणि कमी असेल तर मोठीच. केरिच यांच्या जागी दुसरे आकडे कल्पून पाहावेत. ५,०९० छापे आले असते तर झेड १.८० आणि पी-मूल्य ०.०७१९. ५,०९७ आले असते तर १.९४ आणि ०.०५२४. ५,११० आले असते तर २.२० आणि ०.०२७८. झेड १.९६ ओलांडतो त्याच क्षणी पी-मूल्य ०.०५ च्या खाली उतरते, आधी नाही आणि नंतरही नाही.

दोन्ही रूपांतरे संगणकावरच्या स्प्रेडशीटमध्ये एकेका ओळीत करता येतात:

```
=NORM.S.INV(1-0.05/2)
=2*(1-NORM.S.DIST(ABS(1.34),TRUE))
```

पहिली ओळ क्षेत्रफळावरून बिंदू शोधते आणि १.९५९९६४ देते. दुसरी बिंदूवरून क्षेत्रफळ शोधते आणि ०.१८०२ च्या आसपासचा आकडा देते. एक फल दुसऱ्याचे व्यस्त आहे. एकाच कोष्टकात एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत जावे तसे.

यातून पी-मूल्याची एक व्याख्या हाती लागते, जी नेहमीच्या व्याख्येपेक्षा कितीतरी स्पष्ट आहे. अल्फा जसजशी वाढवत न्यावी तशी सीमारेषा आत सरकते. १ टक्क्याला ती २.५७६ वर असते, ५ टक्क्यांना १.९६ वर, १० टक्क्यांना १.६४५ वर. केरिच यांचा झेड १.३४ च्या जागी स्थिर आहे. रेषा आत येत येत त्याला नेमकी कधी गाठेल? अल्फा ०.१८०२ होईल तेव्हा. म्हणजे ज्या सर्वांत लहान सार्थकता पातळीला हे निरीक्षण शून्य परिकल्पना नाकारायला पुरे पडते, ती पातळी म्हणजे पी-मूल्य.

दोन पद्धती वेगळ्या का वाटतात याचे एक कारण इतिहासात आहे. रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात संभाव्यतेकडे पुराव्याचे वजन म्हणून पाहिले. आकडा जितका लहान, तितका परिकल्पनेविरुद्धचा पुरावा भक्कम. येर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन यांनी १९३३ च्या शोधनिबंधात वेगळा आग्रह धरला: आधी क्रांतिक क्षेत्र निश्चित करा, दोन्ही प्रकारच्या चुकांचा हिशेब मांडा आणि मग नाकारणे किंवा न नाकारणे यांपैकी एक कृती करा. या दोन भूमिकांमधला वाद कडवट होता आणि तो तात्त्विक अर्थाने मिटलेला नाही. मात्र वाद निकालाचा अर्थ काय लावायचा याबद्दल होता. अल्फा आधी ठरवून केलेल्या झेड चाचणीत नाकारायचे की नाही याचे उत्तर दोन्हीकडे सारखेच येते.

उपयोगात मात्र फरक पडतो. क्रांतिक मूल्य प्रयोग होण्याआधीच काढता येते. दहा हजार फेकी करायच्या असतील तर १.९६ ला ५० ने गुणून आधीच लिहून ठेवता येते: छापे ४,९०२ किंवा कमी, अथवा ५,०९८ किंवा जास्त आले तर नाणे समतोल नाही असे म्हणू. ज्या कारखान्यात दर तासाला नमुना घेऊन यंत्र चालू ठेवायचे की थांबवायचे हे ठरते, तिथे अशी आखलेली रेषाच सोयीची, दर वेळी क्षेत्रफळ काढत बसण्याचे कारण नाही. पी-मूल्य निरीक्षण हाती आल्यावरच मिळते, पण वाचकाला स्वतःची अल्फा लावून पाहण्याची मोकळीक देते. ‘५ टक्क्यांना नाकारता आले नाही’ एवढ्या वाक्यावरून १० टक्क्यांना काय झाले असते हे कळत नाही. ०.१८०२ वरून ते लगेच कळते.

कोष्टकाच्या टोकाला हा फरक आणखी ठळक होतो. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ वॉल्टर वेल्डन यांनी बारा फाशांचा संच २६,३०६ वेळा टाकल्याच्या नोंदी १८९४ मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांना कळवल्या होत्या. एकूण ३,१५,६७२ फाशांपैकी १,०६,६०२ वर ५ किंवा ६ आले. समतोल फाशांकडून १,०५,२२४ ची अपेक्षा होती. प्रमाण विचलन सुमारे २६४.९ येते, म्हणून झेड ५.२०. पहिल्या वाटेने हे काम एका दृष्टिक्षेपात संपते, कारण ५.२० कुठे आणि १.९६ कुठे. दुसऱ्या वाटेने छापील कोष्टक संपून जाते आणि अनेक जण पी-मूल्य शून्य असे लिहितात. ते शून्य कधीच नसते. इथे ते सुमारे ०.०००००००२ × १०, म्हणजे ०.०००००० असे सहा दशांशांपर्यंत शून्यच दिसणारे, पण पन्नास लाखांत एक या हिशेबाचे आहे. योग्य पद्धत म्हणजे ‘०.०००१ पेक्षा कमी’ असे लिहिणे. आणि या प्रचंड झेडमागचा प्रत्यक्ष फरक किती? ०.३३३३ च्या जागी ०.३३७७. ठिपक्यांसाठी खोदलेल्या खळग्यांमुळे जास्त ठिपक्यांच्या बाजू हलक्या होतात, हे त्याचे नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण. एवढासा कल उघड झाला तो तीन लाखांवर नोंदींमुळे. पी-मूल्य किंवा झेड यांवरून दोषाचा आकार ठरवता येत नाही.

तरीही सराव करताना कधीकधी दोन वाटांचे निकाल वेगळे येतात. तसे झाले की गणितात कुठेतरी चूक आहे हे नक्की समजावे. सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे शेपटीची. समजा छापे ५,०८८ आले. झेड १.७६. दोन टोकांचे क्रांतिक मूल्य १.९६ असल्यामुळे परिकल्पना नाकारली जात नाही. पण कोष्टकातून उजवीकडची शेपटी ०.०३९२ वाचली आणि दुप्पट करायची राहिली, तर ती ०.०५ पेक्षा लहान दिसते आणि परिकल्पना नाकारली जाते. खरे पी-मूल्य ०.०७८४ आहे. उलट, चाचणी एकाच टोकाची असेल तर क्रांतिक मूल्य १.६४५ घ्यावे आणि शेपटी दुप्पट करू नये. टोके किती हे एकदा ठरले की ते दोन्ही वाटांना सारखेच लागू करायचे.

दुसरी चूक सीमेवरची. ५,०९८ छापे आले तर झेड बरोबर १.९६. छापील क्रांतिक मूल्यही १.९६. मग नाकारायचे की नाही? अचूक क्रांतिक मूल्य १.९५९९६४ आहे, म्हणजे झेड केसभर पलीकडे आहे. अचूक पी-मूल्यही ०.०४९९९६ आहे, म्हणजे ०.०५ च्या केसभर खाली. पूर्ण दशांश ठेवले तर दोन्ही वाटा नाकारण्याकडेच नेतात. एका बाजूला दोन दशांश आणि दुसऱ्या बाजूला सहा दशांश घेतले तर गोंधळ उडतो. मात्र याच ठिकाणी एक अधिक गंभीर गोष्ट लपलेली आहे. छाप्यांची संख्या पूर्णांक असते आणि प्रसामान्य वक्र सलग असतो. ही तफावत भरून काढण्यासाठी फरकातून अर्धा वजा करण्याची रीत आहे. तसे केले तर ९८ च्या जागी ९७.५ येतात, झेड १.९५ होतो, पी-मूल्य ०.०५१२ होते आणि दोन्ही वाटा एकमुखाने सांगतात की नाकारू नका. दुरुस्ती करण्याआधीही त्या एकमुखीच होत्या, पण विरुद्ध बाजूला. दोन वाटांचे एकमत म्हणजे निकाल बरोबर असल्याचा दाखला नव्हे. दोघी एकाच झेडवर आणि एकाच वक्रावर अवलंबून आहेत, त्यामुळे झेड चुकला तर दोघी मिळून चुकतात.

वक्र चुकला तरी तसेच होते. दहा मोजमापांचा नमुना आहे आणि प्रमाण विचलन त्याच नमुन्यातून काढले आहे असे समजू. भागाकार २.१० आला. झेड चाचणी लावली तर २.१० हे १.९६ च्या पलीकडे आहे आणि पी-मूल्य ०.०३५७, दोन्हीकडून नकार. पण प्रमाण विचलन अंदाजाने घेतल्यामुळे इथे टी वितरण लागू होते. त्याच्या शेपट्या जाड असतात, नऊ मुक्त मात्रांना क्रांतिक मूल्य २.२६२ असते आणि पी-मूल्य ०.०६५ च्या आसपास येते, म्हणजे दोन्हीकडून नकार नाही. कोणी क्रांतिक मूल्य टी कोष्टकातून आणि पी-मूल्य झेड कोष्टकातून घेतले, तर मात्र एक वाट एकीकडे आणि दुसरी दुसरीकडे जाईल. तो दोष पद्धतींचा नसून दोन वेगळ्या गुणवत्ता याद्या एकमेकींत मिसळल्याचा असतो: गुण एका यादीतले, क्रमांक दुसऱ्या यादीतला.